घरगुती म्हणजे काय काय टाकता?

उमरखेडहून ढाणकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटं भोजनालय आहे. पाच टेबलं, मागे स्वयंपाकघर. गल्ल्यावर नवरा बसतो, रांधते मी. सुरुवातीला मेन्यू म्हणजे भिंतीवर रंगवलेली पदार्थांची नावं: वरण-भात, डाळभाजी, भरलं वांगं, अंबाडीची भाजी, पातोडी रस्सा, पिठलं-भाकर. यातलं काय कसं असतं हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

पण रस्ता नवा झाला आणि परगावच्या गाड्या थांबायला लागल्या. ते लोक भिंत वाचायचे आणि पनीर मागायचे. दिवाळीत नणंद नागपूरहून आली. ती म्हणाली, "वहिनी, नुसतं नाव वाचून तोंडाले पाणी सुटत नाही. नावाखाली दोन ओळी पाहिजेत." तिनं एका बैठकीत सगळं लिहून काढलं आणि जाताना छापून, प्लास्टिकमध्ये घालून दिलं. 'आईच्या मायेनं शिजवलेलं अस्सल घरगुती वरण.' 'चुलीवरची खमंग भाकर.' 'गावरान मातीचा सुगंध असलेली अंबाडी.' वाचायला गोड वाटलं. मीही खूश झाले.

नेहमीची गिऱ्हाइकं मात्र बिचकली. बाजाराला येणारा एक शेतकरी कार्ड उलटसुलट करून म्हणाला, "घरगुती लिवून राह्यले, म्हंजे आधी बाहेरून आणत होते का?" दुसरा हसला, "अन् आईची माया म्हंजे भाव वाढला समजा." भाव वाढला नव्हता. तरी तो उठताना दोनदा विचारून गेला. अंबाडीत माती राहिली आहे का, असं एकानं खरंच विचारलं. लोक वरण-भातावर येऊन थांबले. त्यात फसवायला जागा नाही असं त्यांना वाटत असावं.

त्याच दिवसांत एक माणूस यायला लागला. साठीच्या पुढचा, पांढरा शर्ट, खिशाला चष्मा. पहिल्या दिवशी त्यानं कार्ड बोट ठेवून वाचलं आणि नवऱ्याला विचारलं, "चुलीवरची भाकर म्हणता. चूल कोठी हाय?"

नवरा गडबडला. माणूस सरळ उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. मी गॅसवर भाकर शेकत होते. त्यानं गॅसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या मिक्सरकडे पाहिलं. मग टेबलावर परत गेला आणि फक्त दहीभात खाऊन उठला. जाताना त्यानं कार्डाचा फोटो काढला.

"तपासणीवाला हाय," नवरा म्हणाला. "नाही तं समोरच्या हॉटेलवाल्यानं धाडला."

पुढच्या आठवड्यात तो परत आला. "वांग्याच्या भाजीत काय काय टाकता, बाई?" मी म्हटलं, "घरी टाकतो तेच." "घरी म्हंजे काय?" मला राग आला. मसाला विचारून घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. मी म्हटलं, "काका, खाऊन पाहा, कळून जाईल." त्यानं हात मागे घेतला. खाल्लं नाही.

माझी झोप त्या चुलीनं उडवली. नवरा म्हणाला, दारात एक मातीची चूल मांडून ठेवू, दिसायला. मी म्हटलं, "दिसायला कायले? उद्या तो तिच्यात राख हाय का पाहीन." आणि खरंच वाटलं, ज्या ओळीमुळं स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरासारखं उभं राहावं लागतं, ती ओळ हवीच कशाला? मी नणंदेला फोन केला. ती आधी रुसली. मग म्हणाली, "मंग तू करते तसं सांग, मी लिवते." मी सांगत गेले आणि ती मधेमधे टोकत राहिली. "'चांगलं' नको, वहिनी. चांगलं म्हंजे काय ते सांग." तिनं असं पिळल्यावर मला माझा स्वयंपाक शब्दांत सापडत गेला.

नवं कार्ड असं झालं. 'डाळभाजी: पालक आणि तुरीची डाळ एकत्र शिजवून घोटलेली, आत अख्खे शेंगदाणे, वरून लसूण आणि लाल मिरचीची फोडणी. मध्यम तिखट.' 'अंबाडीची भाजी: उकडून पाणी काढलेली, ज्वारीच्या कण्या आणि वाटलेला लसूण घालून घट्ट. आंबट.' 'भरलं वांगं: छोटी वांगी, आत दाण्याचा कूट, खोबरं आणि काळा मसाला. झणझणीत.' 'ज्वारीची भाकर: सांगितल्यावर थापतो, गॅसवर शेकतो. थोडा वेळ लागेल.'

गॅस लिहायला नवऱ्याचा जीव होत नव्हता. पण परगावचे लोक ते वाचून गरम भाकरीसाठी थांबायला लागले. 'पाणी काढलेली' वाचून एका बाईनं पहिल्यांदा अंबाडी मागवली. आंबटपणाची भीती होती, पाणी काढल्यावर तो उतरतो म्हणाली.

मग तो माणूस आला. नवं कार्ड त्यानं चष्मा लावून वाचलं. दोन जागी बोट थांबलं. मी दारातून पाहत होते. त्यानं मला हाक मारली.

"बाई, अंबाडीत शेंगदाणे नाही ना? कूटही नाही?"

"नाही. लिहिलं असतं."

"मागच्या बारीले काहून नाही सांगतलं?"

मी म्हटलं, "तुम्ही काहून विचारून राह्यले तेच कळलं नाही. मले वाटलं तपासणीवाले असान."

तो पहिल्यांदा हसला, पण थोडकंच. त्याची मुलगी महागावला दिली होती. तिला शेंगदाणा चालत नाही, गळा सुजतो. एका जेवणावळीत 'घरचंच हाय, काही नाही त्यात' म्हणून वाढलेल्या भाजीत कूट निघाला आणि तिला रात्रीच दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून ती बाहेर जेवली नव्हती. कार्डाचा फोटो त्यानं तिलाच पाठवला होता. "आपल्या इकडे कूट कशात नाही ते सांगा," तो म्हणाला. "अन् जो तो म्हणते, घरगुती हाय."

रविवारी तो मुलीला घेऊन आला. आता घाबरायची पाळी माझी होती. अंबाडीत दाणे नव्हते, पण लसूण मी त्याच मिक्सरच्या भांड्यात वाटते ज्यात कूट करते. ते कार्डावर कुठे होतं? मी बाहेर जाऊन तसं सांगितलं. मुलीनं बापाकडे पाहिलं. बाप उठायला लागला.

"थांबा," मी म्हटलं. "पाट्यावर वाटते. कढई घासून घेते. नवी भाजी टाकते, वेळ लागीन."

"तेल कोणतं?" त्यानं विचारलं.

"सोयाबीनचं."

"डबा दाखवा."

मी डबा आणून टेबलावर ठेवला. त्यानं वाचला, मुलीनं वाचला. मग ती म्हणाली, "करा ताई."

मी पाटा दोनदा धुतला. कढई साबणानं घासली, चमचा वेगळा काढला. माझ्याच हातांवर माझा विश्वास बसेना, तेही परत धुतले. भाजी वाढल्यावर मी दारातच उभी राहिले. नवरा गल्ला सोडून माझ्या मागे. मुलीनं आधी भाकरीच्या तुकड्याला जरासं लावून जिभेवर ठेवलं आणि थांबली. बाप तिच्या गळ्याकडे बघत होता. मीही. मग तिनं दुसरा घास घेतला, आणि तिसरा, आणि पाणी न पिता म्हणाली, "आंबट हाय बाबा, चांगली हाय. तुम्ही खा ना."

त्यानं खाल्लं. तरी ती हात धुऊन येईपर्यंत त्याचं अर्धं लक्ष तिच्यातच होतं.

ते आता महिन्यातून एकदा येतात. येण्याआधी फोन करतात, आणि मी पाटा धुऊन ठेवते. कार्डाच्या तळाशी आम्ही तेलाचं आणि मिक्सरचंही लिहिलं. नणंदेला ती ओळ दिसायला रुक्ष वाटते. काका मात्र प्रत्येक वेळी ती वाचतात आणि वाचून झाल्यावर म्हणतात, "डबा दाखवा, बाई."

मी दाखवते.