पौंड तेवढेच, रुपये मात्र वाढले

जयपूरला बदलून आलेले विमा अधिकारी गुलाबराव डहाके म्हणजे भारी हिशेबी माणूस. त्यांची मुलगी प्रतिमा विलायतेत शिकायला गेली, तेव्हा वर्षाची फी होती तीन हजार पौंड. पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात पौंडाचा भाव साडेसोळा रुपये, म्हणजे साडेएकोणपन्नास हजार. पुढच्या वर्षी व्याजासकट नेमके तेवढेच हातात यावेत अशी मुदत ठेव त्यांनी करून टाकली आणि शास्त्रीनगरातल्या घरी चार दिवस मिशीला पीळ देत हिंडले.

वर्ष सरलं. मुदत भरलेल्या ठेवीचे पैसे घेऊन ते बँकेच्या परदेशी चलनाच्या खिडकीशी गेले. रिझर्व्ह बँकेचा परवाना होता, कॉलेजचं मागणीपत्र होतं. तिथल्या माथुरसाहेबांनी मुंबईहून टेलेक्सवर आलेला भाव पाहिला आणि साडेपंचावन्न हजार मागितले.

गुलाबरावांना वाटलं, गडी बेरजेत चुकला. परवान्यात आकडा ठरलेला असताना सहा हजार वाढतील कसे? माथुरसाहेबांनी शांतपणे सांगितलं, की परवान्यात पौंड ठरतात, रुपये नाहीत. रुपये ड्राफ्ट काढायच्या दिवशीच्या भावाने, आणि आज भाव साडेअठरा.

झालं! गुलाबरावांना भावाचा नादच लागला. फी भरायला महिना होता. भाव उतरेल म्हणून रोज सकाळी खिडकीशी हजर. एकदा तो वीस पैशांनी उतरला. सहाशे रुपये वाचत होते, पण यांना आणखी हवे होते. दोन दिवसांत भाव पुन्हा साडेअठरावर. स्वतःवरच ते असे चिडले, की दुपारी जेवले नाहीत.

मग बायको वासंतीबाई त्यांच्यासोबत बँकेत आल्या. बाईंना भावापेक्षा वेगळंच कुतूहल होतं. त्यांनी विचारलं, "आमचे सहा हजार जास्त गेले, तर कॉलेजला जास्त मिळणार का?"

"नाही भाभीजी, त्यांना तीन हजार पौंडच."

"मतलब आपले रुपयेच वर्षभर ठेवीत बसून हलके झाले." नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "उद्या काय होईल ते या साहेबांनाही ठाऊक नाही. पोरीचं वर्ष भावावर टांगून ठेवू नका."

पॉलिसीवर कर्ज काढू नका म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांचे कान पिळणाऱ्या गुलाबरावांनी आठवडाभरात स्वतःच्या पॉलिसीवर सहा हजार उचलले आणि त्या दिवशी होता त्या भावाने ड्राफ्ट काढला.

घरी आले तर प्रतिमाचं पत्र. 'बाबा, एक चांगली बातमी. यंदा फी एका पेनीनेही वाढलेली नाही. तुम्हाला जास्तीचा त्रास नाही म्हणून मला केवढं बरं वाटतंय!'

गुलाबरावांनी पत्र दोनदा वाचलं. वासंतीबाई बघत होत्या. गुलाबरावांनी लगेच कागद ओढला आणि लिहिलं, 'खरंच बेटा, आम्हालाही फार बरं वाटलं.'