नारळ मीच फोडला होता

चौकातल्या खांबावर कॅमेरा बसला तेव्हा नारळ मीच फोडला होता. शेजारच्या सुमनताईंचं मंगळसूत्र हिसकावणारा चोर त्यानेच ओळखून दिला, हे मी नाकारत नाही. हा कॅमेरा नुसता फोटो काढत नाही. डोळे, नाक, हनुवटी यांच्या ठेवणीचे आकडे करतो, ते पोलिसांच्या यादीतल्या चेहऱ्यांच्या आकड्यांशी ताडून पाहतो आणि पुरेसं साम्य दिसलं की नाव पुढे करतो.

परवा, रस्त्यासाठी तोडायला काढलेला चौकातला वड वाचवायला आम्ही दहाजण त्याच्याखाली मुकाट बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीवरून फोन आला, "काका, काल वडाखाली तुम्हीच होतात ना? जरा जपून."

त्या यादीत माझा चेहरा गेलाच कसा? मग आठवलं. गणपतीत बंदोबस्ताला मदत म्हणून स्वयंसेवकाच्या ओळखपत्रासाठी चौकीवर फोटो दिला होता. चांगला हसरा, निवडून दिला होता.

आज वडाखाली तिघंच होते. सुमनताई पदर नाकापर्यंत ओढून पलीकडून निघून गेल्या. मंगळसूत्र गळ्यात होतं. त्यांना हाक मारायला तोंड उघडलं, तेवढ्यात नजर खांबाकडे गेली. मीही मान खाली घातली आणि चालू लागलो.