उपास करणारी राणी आणि सत्यवतीचा बोका

पनवेलच्या मासळी बाजारात दारातल्या पहिल्या ओट्यावर सत्यवती बसायची. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. मासळी कधीची, असं कुणी विचारलंच तर ती विळी खाली ठेवून म्हणायची, "एकविरा आईची आन, आजची हाय." सगळा कोळीवाडा तिच्या भांडणांना भ्यायचा, पण तिच्या शपथेवर आम्ही गिऱ्हाइकं डोळे मिटून विश्वास ठेवायचो. मी तर नवऱ्याला ऐकवायची, की बाजारात खरं बोलणारी ती एकच.

तिच्यामागे घरात कुणी नव्हतं. होता तो एक पिवळा पट्टेरी बोका. खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, ते बोटभर मासे, हे त्याचं एकमेव अन्न, म्हणून त्याचं नावही निवट्याच. लहानपणी चिंबोरीनं नांगीनं त्याच्या डाव्या कानाचा लचका तोडला होता. दोन हजार नऊच्या पावसाळ्यानंतर हा निवट्या बाजारातून नाहीसा झाला. सत्यवतीनं पोलिसांकडे जायचंही ठरवलं होतं, पण तक्रारीत बोक्याच्या बापाचं नाव काय लिहायचं, म्हणून ती अडली.

त्याच सुमारास रात्री आठच्या एका मालिकेत राणी नावाची मांजर भलतीच गाजू लागली. ती एका सोशिक सुनेची लाडकी होती. सून रडली की मांडीवर येई, सासू खोटं बोलली की पळत जाऊन पुरावा आणी. आणि एकादशीच्या भागात तर कमाल झाली. कपटी जावेनं पुढे मासळीची ताटली ठेवली, राणीनं वास घेतला आणि सावकाश मान फिरवली. उपास मोडला नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांनी टीव्हीला हात जोडले. काहीजणींनी स्वतःच्या मांजरांचं दूध बंद करून पाहिलं, तेव्हा मांजरंच यायची बंद झाली.

सत्यवती मात्र तो भाग बघून ताडकन उठली आणि चालत फारूककडे गेली. फारूक आमच्या भागाचा केबलवाला. वीज गेली की मालिका बुडाली म्हणून बायका त्याच्या डोक्यावर बसत, म्हणून तो सगळे भाग कॉम्प्युटरवर भरून ठेवी. मला तिनं वाटेतच पकडलं. राणी म्हणजे आपला निवट्या आहे, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, अगं ती मांजरी आहे. ती म्हणाली, लुगडं नेसवलं तर तुमचा नवरापण बाई दिसंल.

फारूकनं चित्र थांबवून थांबवून दाखवायला सुरुवात केली, आणि आमची राणी आमच्या डोळ्यांदेखत फुटत गेली. मांडीवर बसणाऱ्या राणीचे दोन्ही कान धड होते. पळणाऱ्या राणीची शेपटी बारीक आणि टोकाला काळी होती. तिसरी कपाटावरून उडी मारणारी, तिचा पुढचा पंजा एका प्रसंगात पांढरा आणि पुढच्याच प्रसंगात मळकट. म्हणजे रंग लावलेला. आणि चौथी ती उपास करणारी. गाल सुटलेले, डोकं रुंद. बोक्याशिवाय असं तोंड कुणाचं नसतं, हे मलाही मान्य करावं लागलं. तिच्या डाव्या कानाला लचकाही होता.

पण पुढच्या एका प्रसंगात लचका उजव्या कानाला निघाला. फारूक खट्टू झाला. म्हणाला, "खाला, ये तो पाचवी निकली. आपला निवट्या कोणता, अल्ला जाने." सत्यवतीचा चेहरा पडला. इतक्यात माझं लक्ष त्या प्रसंगातल्या सासूकडे गेलं. तिचा पदर उजव्या खांद्यावर होता आणि नऊवारीचा काष्टा कसातरीच दिसत होता. अशी साडी कुठली सासू नेसते? मग कळलं, चित्रच आरशासारखं उलटवलेलं आहे. मांजर हवं त्या दिशेला बघत नाही, तेव्हा तिला वळवण्यापेक्षा चित्र वळवणं सोपं. फारूकनं चित्र उलटवून पदर डावीकडे आणला, तसा लचकाही डाव्या कानावर आला. सत्यवतीनं पडद्यावरच्या बोक्याच्या तोंडावरून हात फिरवला, तेव्हा काचेला मासळीचा वास लागला.

मालिकेला जनावरं पुरवणारा कल्पेश पनवेलच्याच बाहेर एका फार्महाउसवर असतो, हे फारूकनं शोधून काढलं. रविवारी सहा आसनी रिक्षात आम्ही आठजण कोंबून तिथे गेलो. सत्यवती, फारूक, मी, आणि राणीचं दर्शन घ्यायला आलेली सत्यवतीचीच पाच गिऱ्हाइकं. सत्यवतीच्या मांडीवर बोंबलांची टोपली होती.

कल्पेश तसा सभ्य होता. चौघींचे फोटो, डॉक्टरचे दाखले, प्राणी मंडळाची परवानगी, सगळं त्यानं पुढे केलं. चौघींचंही नाव राणीच. एक मांजर सगळी कामं करत नाही, तो म्हणाला. एकीला उबेची आवड, तिच्यासाठी उशीखाली गरम पाण्याची पिशवी ठेवायची की ती तासभर मांडी सोडत नाही. एक टकटक आवाजाच्या मागे धावते. एक उंचावरच्या खाऊसाठी उडी मारते. पण मासळी पुढे ठेवली तरी मान फिरवणारी मांजर? त्यासाठी त्यानं रायगड जिल्हा पालथा घातला होता. हा बोका बाजारामागे सापडला आणि मालिका वाचली. याच्यावर कुणाचा शिक्का आहे का, असं त्यानं विचारलं. लचके काय, शंभर बोक्यांना असतात.

सत्यवतीनं जाळीपलीकडे हाक मारली. बोक्यानं, बोक्यांच्या रीतीप्रमाणे, ऐकलं नाही. मग तिनं टोपलीतला एक बोंबील त्याच्यापुढे धरला. बाकीच्या तिन्ही राण्या जाळीवर तुटून पडल्या. यानं वास घेतला आणि सावकाश मान फिरवली. अगदी मालिकेतल्यासारखी. एका बाईनं चक्क नमस्कार केला.

कल्पेश हसला. तुमचा असता तर तुमच्या हातचं खाल्लं असतं, मावशी. हा जन्माचाच उपाशी आहे, आमच्याकडे दुधावरच जगतो.

सत्यवती एकदा बोक्याकडे बघे, एकदा आमच्याकडे. आम्ही आठवड्यातून दोनदा तिच्या शपथेवर जेवणारी माणसं. मग तिनं बोंबील टोपलीत टाकला.

"उपास नाय करत तो. बर्फातला हाय म्हणून खात नाय. परवाचे हायत बोंबील. कालचेपन नायत. त्याला मी रोज खाडीवरून जित्या निवट्या आणायची, बर्फाचं त्यानं कदी तोंडात घेतलं नाय."

"आणि आम्हाला?" मी विचारलं.

"तुमाला चालतं," सत्यवती म्हणाली.

मला इतका संताप आला की सांगता येत नाही. किती वर्षं मी त्या शपथेला हिंग-हळद लावून तळत होते. पण फारूक तोवर खाली ओढ्याकाठी जाऊन चिखलातून एक फडफडता मासा घेऊन आला होता. बोक्यानं तो हातातून ओढून घेतला आणि कल्पेशचा दावा पुढे चालेना. राणीचा उपास बर्फामुळे होतो हे उघड झालं, तर आपलीच बदनामी, हे कळून त्यानं जाळी उघडली. निवट्या सत्यवतीच्या टोपलीत बसून परत आला. मालिकेतली राणी पुढच्या आठवड्यात काशीला गेली, असं दाखवलं.

मंगळवारी मी बाजारात गेले ती भांडायच्या तयारीनं. सत्यवती ओट्यावर होती, बोका टोपलीशेजारी. गिऱ्हाईक निम्मंही नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, शपथेसाठी तोंड उघडलं आणि मिटलं. माझा राग तिथेच अर्धा उतरला. मग आम्ही दोघींनी एकदमच बोक्याकडे बघितलं. त्यानं टोपलीचा वास घेतला आणि मान फिरवली.

"सुकट घ्या, वैनी," सत्यवती हळूच म्हणाली. मी सुकट घेतली.