मी शब्द टाकला नाही

दुसरी मोठी लढाई संपली आणि भिंगारच्या लष्करी डेपोनं माणसं घरी बसवली. माझ्या केडगावच्या शाळासोबत्याची नोकरीही त्यातच गेली. नोकरी सुटली तसा त्याचा मेव्हणा आला आणि आपल्या बहिणीला, म्हणजे त्याच्या बायकोला, माहेरी राहात्याला घेऊन गेला. कामाला लागलात की पाठवतो, म्हणाला.

मी तेव्हा नगरात एका छापखान्यात कंपोझिटर होतो. दिवसा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे, उरल्या वेळात पत्रकं लिहायची. वशिलेबाजीवर तर मी चांगलं झणझणीत पत्रक काढलं होतं.

एका रविवारी तो सोबती माझ्या घरी आला.

"तुमच्या फोरमनकडं माझ्यासाठी शब्द टाक. दुसरं काय मागत न्हाई."

"नाही टाकता येणार, गड्या. राग मानू नकोस."

"व्हय, पत्रकवाले तुमी. वशिला गाडा म्हणता म्हणता दोस्ताला गाडा."

पत्रकाकडं बोट दाखवून मला सुटता आलं असतं. पण ते ढोंग झालं असतं. वर्षापूर्वी मीच एकासाठी फोरमनकडं वशिला लावला होता. चळवळीतला माणूस, तुरुंग भोगून आलेला, म्हणून त्याची हमी घेतली. छपाई झाली की खिळे धुऊन केसमध्ये, म्हणजे खणाखणांच्या लाकडी पेटीत, ज्याच्या त्याच्या घरात परत सोडावे लागतात. त्यानं ते अंदाजानं सोडले. कंपोझिटरची नजर मजकुरावर असते, खिळा हात न बघता उचलतो. त्या केसवर दुसऱ्या दिवशी बसलेल्या म्हाताऱ्या कंपोझिटरच्या प्रूफात ओळीओळीला चुका निघाल्या आणि सगळ्यांदेखत बोलणी त्या म्हाताऱ्यानं खाल्ली. देशभक्तीला खिळ्यांची घरं कळत नाहीत, एवढी साधी गोष्ट मला कळली नव्हती.

हे सगळं मी सोबत्याला सांगितलं. "माझं नाव ऐकलं तर फोरमन तुला दारातूनच परत पाठवील. आणि तुझं काम मी पाहिलेलं नाही. पण शिकाऊ उमेदवार घेताना ते काय विचारतात ते मला माहीत आहे. तेवढं शिकवतो."

"शिकवण्यानं बायको येती का?"

 मी पुठ्ठा घेतला, केसची घरं आखली, प्रत्येकात अक्षर लिहिलं.  तो पुठ्ठा काखेत मारून गेला. पुढचे चार रविवार मात्र आला. मी अक्षर उच्चारायचं, त्यानं न बघता घरावर बोट ठेवायचं. अर्जही दोघांनी मिळून लिहिला.

त्यानंतरच्या सोमवारी तो छापखान्यात उभा राहिला. फोरमननं वीसेक खिळे सोडायला दिले. एकही चुकला नाही.

"इथं कोणाच्या ओळखीनं आलास?"

"कुणाच्या न्हाई."

मी शेजारच्या केसवर होतो. तो खरं तेच बोलला होता. वशिल्याशिवाय माणूस कामाला लागला, माझ्या पत्रकात हेच तर लिहिलं होतं. तरी हातातली ओळ मला पुरी करता येईना.

तो उमेदवार म्हणून लागला. रविवारचं येणं थांबलं. पंधरवड्यानं एकदा खिळे सोडता सोडता, मान वर न करता म्हणाला, "राहात्याहून आली."

"बरं झालं," मी म्हणालो.