ट्रेताईंची पोस्ट

हॉस्पिटलच्या तळघरात शस्त्रक्रियेची इन्स्ट्रुमेंट्स धुवायची, तपासायची, ट्रेमध्ये लावायची आणि वाफेच्या यंत्रात निर्जंतुक करायची, हे काम ती एकोणीस वर्षं करत होती. कुठल्या ट्रेत किती चिमटे हे तिला तोंडपाठ, म्हणून सगळे तिला ट्रेताई म्हणत. कागदावर मात्र ती मदतनीस.

विभाग कंत्राटदाराकडे जाणार होता. मदतनीस तो आपले आणणार. राहतील ते तंत्रज्ञ, तेही प्रमाणपत्र आणि स्वतंत्र कामाचा अनुभव असलेले. घर ट्रेताईच्याच पगारावर चालायचं. एक्कावन्नाव्या वर्षी तिने चष्म्याचा नंबर वाढवून तंत्रज्ञाच्या परीक्षेचा अभ्यास केला आणि पास झाली.

"आई, प्रोफाइलवर टाक. भरतीवाले तेच बघतात," लेक म्हणाली.

"मिरवल्यासारखं वाटतं गं."

"मिरव की एकदा तरी!"

तिने लिहिलं: "निर्जंतुकीकरण तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र मिळालं. यात माझं काही नाही. सगळं आमच्या विभागाच्या मुख्य सिस्टरांनी केलं, मी नुसती हाताखाली होते. सर्वांचे आभार."

मुलाखतीत भरती अधिकाऱ्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

"स्वतंत्र अनुभव?"

"एकोणीस वर्षं."

"इथे तर तुम्ही वेगळंच लिहिलंय."

"साहेब, तसं म्हणायची पद्धत असते हो."

"रजिस्टरमध्ये सह्या सिस्टरांच्या. पोस्टमध्ये कबुली तुमची. मी वर काय पाठवू?"

"आत्ता बदलते."

"बदला. पोस्टवर 'संपादित' असं दिसेल. मुलाखतीनंतर बदललं म्हणतील." तो चिडला असता तर बरं झालं असतं. "पाचला यादी जाते. सिस्टरांकडून लिहून आणा."

जिन्यात उभं राहून तिने सिस्टरांना फोन लावला. त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या.

"अगं वेडे, ट्रे तूच लावायचीस. सही करायला मी कधी तळघरात उतरले?"

"मग तेवढंच लिहून द्या ना."



"प्रत्येक ट्रे मी तपासला म्हणून सह्या आहेत माझ्या. न बघता केल्या असं मीच लिहून देऊ? चौकशी लागेल गं. पेन्शन अडकेल. माझ्या पोटावर पाय नको देऊस."

ट्रेताईने फोन ठेवला. याच सिस्टरांनी तिला पहिल्या दिवशी कात्री कशी धरायची ते शिकवलं होतं. पण पाचला दहा मिनिटं कमी होती, आणि घरी जाऊन लेकीला काय सांगायचं ते सुचत नव्हतं.

आपल्याच पोस्टखाली तिने टाइप केलं: "वर लिहिलं ते खरं नाही. एकोणीस वर्षं ट्रे मीच लावले, मीच तपासले. सिस्टरांनी फक्त सह्या केल्या."

आणि तिने बटण दाबलं.

अधिकाऱ्याने ते स्क्रीनवर वाचलं. "सह्यांचा खुलासा तुम्ही स्वतःच्या नावाने उघड केलात, एवढं वर चालेल." त्याने तिचं नाव यादीत घातलं. "हे सह्यांचं मात्र मला हॉस्पिटलला कळवावं लागेल हं," तो म्हणाला.

जिना उतरता उतरता फोन वाजला. सिस्टर. ट्रेताई कठडा धरून पायरीवरच बसली. फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजू लागला. तिला तो उचलता आला नाही.