दर्शना मॅडमचा अर्धा मार्क

दर्शना माचिवले एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. मांडवीच्या घरात आई म्हणायची, "बस गो जरा, पाठ टेक," तरी हिचा चहा उभ्यानेच व्हायचा. वडील जहाजावर नोकरीला, ते सुट्टीवर येऊन घरी बसले की ती सुट्टीसुद्धा हिला लांबलचक वाटायची. रत्नागिरीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात ती चार वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवत होती. दर जूनला नवी नेमणूक, दर मार्चला निरोप. यंदा कायम जागा निघाली होती आणि त्यासाठी अकरावीच्या वर्गावर पाठ घेऊन दाखवायचा होता. मागच्या बाकावर प्राचार्य अनिल सर आणि बाहेरून आलेले विषयतज्ज्ञ खेडेकर सर बसले होते. विषय, लिमिट.

मुलं तिला पाठीमागे 'अर्धा मार्क' म्हणत. लिमिटच्या गणितात तिची एका ओळीवर फार नजर असे. उत्तर बरोबर असलं तरी ती ओळ नसेल तर अर्धा मार्क गेला. त्यावरून पालकही भांडून गेले होते.

तिने फळ्यावर sin 3x भागिले sin 5x लिहिलं, x शून्याकडे जातो. खडू खाली ठेवण्याआधीच वर्गातला ऋत्विक म्हणाला, "तीन पंचमांश." क्लासमध्ये त्यांना तसंच शिकवलं होतं, दोन्हीकडचं साइन खोडा, आकडे ठेवा. सीईटीला पायऱ्या कोण बघतो?

दर्शनाने मान हलवली आणि भरभर लिहीत सुटली. शून्याजवळ sin θ भागिले θ एकाकडे जातं, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. पण वरचा कोन 3x आहे, म्हणून खाली 3x हवा. वर 3x ने भागायचं आणि गुणायचं, खाली 5x ने तसंच. दोन्ही गुणोत्तरं एकाकडे जातात, x शून्य नाही म्हणून वर-खालचा x खोडता येतो, उरतात तीन आणि पाच. चार उदाहरणं ठरवली होती, घड्याळ पुढे सरकत होतं. ती दुसऱ्या उदाहरणाकडे वळली.

"मॅडम," ऋत्विक म्हणाला, "तुमचा अर्धा मार्क गेला."

वर्ग हसला. तिने फळ्याकडे पाहिलं. x शून्याकडे जातो, म्हणून 3x आणि 5x सुद्धा शून्याकडे जातात, ही तिचीच ओळ फळ्यावर नव्हती. अनिल सरांनी भुवया उंचावल्या. ओळ लिहून ती पुढे जाणार, तोच खेडेकर सर बोलले.

"या ओळीने उत्तर बदललं का हो?"

"नाही सर."

"मग मार्क का कापता?"

आता समजावत बसलं तर पाठ अपुरा राहणार, पुढे गेलं तर चार वर्षं कापलेले सगळे मार्क खोटे. तिने बाकीची उदाहरणं सोडून दिली. फळ्यावर sin 2x भागिले sin 3x लिहिलं आणि x शून्याऐवजी πकडे नेला.

"ऋत्विक, सांग."

"दोन तृतीयांश."

तिने खेडेकर सरांकडे मोबाइल मागितला, कॅल्क्युलेटर उघडून ऋत्विकच्या हातात दिला. π म्हणजे १८० अंश. तू १८१ घालून बघ. ऋत्विकने वरची किंमत काढली, खालची काढली, भागाकार केला आणि पुन्हा एकदा करून पाहिला.

"मॅडम, मायनस येतंय. उणे शून्य पूर्णांक सहासष्ट."

"कारण इथे 2x आणि 3x शून्याकडे जातच नाहीत. नियम लावायला आधी कोन शून्याकडे न्यावा लागतो." तिने x च्या जागी π + h घातला. sin 2x झालं sin 2h, sin 3x झालं उणे sin 3h. आता h शून्याकडे जातो, म्हणून 2h आणि 3h शून्याकडे जातात. ही ओळ तिने ठळक लिहिली. उत्तर, उणे दोन तृतीयांश. इतक्यात घंटा झाली.

प्राचार्यांच्या खोलीत दोघा सरांची चर्चा संपेपर्यंत ती व्हरांड्यात येरझारा घालत होती. शिपाई विठूकाकांनी खुर्ची आणून ठेवली, ती रिकामीच राहिली. आत बोलावल्यावर अनिल सर म्हणाले की पाठाच्या टाचणात चार उदाहरणं होती, झाली दोन, त्यातलं एक टाचणात नव्हतंच.

खेडेकर सरांनी विचारलं, "पोराने दाखवलं नसतं तर?"

"घरी गेल्यावर आठवलं असतं. उद्या येऊन लिहिलं असतं." तिने बोटांवरचा खडू पुसला. "उद्याचा तास माझा असता तर."

खेडेकर सरांनी अनिल सरांकडे पाहिलं. अनिल सरांनी चष्मा काढून पुसला.

"शिफारस तुमच्याच नावाची जातेय," ते म्हणाले. "बसा आता तरी."

पण ती दारापर्यंत पोचली होती. जिन्यावर ऋत्विक दप्तर अडकवून उतरत होता.

"कुठे चाललास रे? तीन उदाहरणं राहिलीत. बाकीच्यांनाही वर बोलाव."