कापलेल्या दोरीचं पान

दत्तूभाऊ गेल्याचं मला दिघीच्या गाडीच्या कंडक्टरने सांगितलं. म्हसळ्याच्या शाळेत माझा तिसरा तास चालू होता. मुलींना गणितं घालून दिली, मुख्याध्यापिकांना सांगितलं आणि त्याच गाडीने निघाले. वाटेत रडू आलं नाही. दम्याने त्याला दोन वर्षं फार छळलं होतं, त्यातून तो सुटला. आणि त्याचं पुस्तक त्याने हातात घेऊन पाहिलं होतं. हे दुसरं झालं नसतं, तर मला हे लिहायला बसवलं नसतं.

दत्तूभाऊ माझा चुलतभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी तो दिघीच्या शाळेत मास्तर म्हणून लागला आणि तिथेच राहिला. आयुष्यात त्याने एकच कादंबरी लिहिली. मासेमारीच्या एका मचव्यावरचे दोन भाऊ, त्यांचा जुना अबोला, वादळ, आणि दोघांतला एकच परत येतो. प्रत्येक प्रकरण झालं की तो खाडीकाठी मासळी सुकवायच्या वाळवणावर लाकडी पाट टाकून बसायचा आणि सुकट निवडणाऱ्या बायकांना वाचून दाखवायचा. त्या काय बोलतात याकडे त्याचं लक्ष नसे. तो त्यांचे हात बघायचा. वादळाच्या प्रकरणाला सगळे हात थांबले, तेव्हा तो लहान मुलासारखा हसत माझ्याकडे आला होता.

मुंबईच्या प्रकाशकाने मात्र हस्तलिखित परत पाठवलं. पहिली तीन प्रकरणं संथ आहेत, वादळाची चाहूल देणारं पूर्वकथन जोडा, पावसाळ्याआधी पाठवा, नाहीतर राहू द्या... भाऊने एका बैठकीत दोन पानं लिहिली आणि मला सुवाच्य प्रत करायला दिली. पहिल्याच ओळीत परत आलेल्या भावाचं नाव होतं.

"भाऊ, मग पुढची दोनशे पानं कशाला वाचायची?"

"सुमे, पूर्वकथनात काहीतरी सांगावं लागतंच. नाहीतर ते असतं कशाला?"

"मग नकोच ते. भावांचा अबोला का, एवढंच आधी कळायला हवं ना? ते पहिल्या प्रकरणात चार ओळींत येईल."

अबोल्याचं कारण त्याने तसं पहिल्या प्रकरणात घेतलं. पण ते एवढ्यावर भागणारं नव्हतं, कारण प्रकाशकाचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या तीन प्रकरणांना वाळवणावरच्या बायका आपसात लग्नं जमवत बसल्या होत्या. आता तीच पारख पुन्हा करायची, तर दिघीच्या बायकांना शेवट ठाऊक झालेला. एकदा ऐकलेले कान पुन्हा कोरे होत नाहीत. म्हणून रविवारी आम्ही दिवेआगरला गेलो, त्याच्या एका विद्यार्थ्याच्या आत्याकडे. अंगणात सुपारी कातरणाऱ्या पाच बायका होत्या. नाव सांगणारं पूर्वकथन भाऊने तसंच ठेवून वाचलं. पहिली प्रकरणं त्यांनी नीट ऐकली. दुपारी वादळ आलं, मचवा उलटला... आणि अडकित्ते चालूच. आत्या म्हणाली, "वाचा वो मास्तर, तो येतोय म्हनलंत ना सकाली!"

परतीच्या वाटेवर भाऊचं पाऊल उचलत नव्हतं. त्याला धापही लागली होती. पावसाळा तीन आठवड्यांवर आला होता. मी म्हटलं, "मचवा बुडतो हे सांग. ते कळून बिघडत नाही. उलट, ते ठाऊक असलं की दोघं भाऊ साधे जेवायला बसले तरी धाकधूक होते. कोण वाचतो ते मात्र झाक."

त्याने दोन पानांचं अर्धं पान केलं. काठाला लागलेलं एक वल्हं, त्याला बांधलेली दोरी, आणि दोरीचं टोक... तुटलेलं नाही, सुरीने कापलेलं. नाव नाही, रडणं नाही, एक बाई ते टोक बोटांनी चाचपते एवढंच. हे वल्हं पुढे वादळात भेटतं, तेव्हा आधी पाहिलेल्या त्याच टोकाचा अर्थ बदलतो.

पुन्हा कोरे कान हवे होते. ते आगरदांड्याला मिळाले, खाडीपलीकडे, तिथल्या सुकट निवडणाऱ्या बायकांत. पहिल्या प्रकरणालाच एकीने दुसरीला गप्प केलं. वादळात हात थांबले. भाऊने हस्तलिखित मिटलं, माझ्याकडे पाहिलं आणि किती तरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. प्रकाशकाने हस्तलिखित स्वीकारलं. पुस्तक आलं तेव्हा तो अंथरुणात उठून बसला आणि फक्त ते अर्धं पान वाचून म्हणाला, "झालं गो."

तेराव्यानंतर मी दिघीच्या वाळवणावर गेले. पाट तिथेच, छपराखाली उभा करून ठेवलेला. कुणी त्यावर बसत नाही. सुकट निवडणाऱ्यांतल्या जुन्या हर्णाबाईने तो पुसून दिला. "बस गो मास्तरीण बाय. आमच्या नव्या सुनेनं ऐकलं न्हाय."

मी वाचायला घेतलं. वल्हं, दोरी, कापलेलं टोक. नव्या सुनेच्या हातातली सुकट हातातच राहिली. "आत्याबाय, मंग परत कोन आला?"

"गप!" हर्णाबाई खेकसली. "मास्तरानं सांगितलं न्हाय, मी कशाला सांगू?"

सांगायचं आता माझ्याही हातात नाही. मी पान उलटलं आणि पहिलं प्रकरण सुरू केलं.